सातबाऱ्यावरचं क्षेत्र, गुंठे आणि पोटहिस्सा: हिशोब कोणत्या क्रमाने करावा आणि तो कुठे चुकतो

घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूच्या एका गावातल्या तीन चुलतभावांच्या वाटणीचा मसुदा माझ्याकडे तपासायला आला होता. सातबाऱ्यावर एकूण क्षेत्र होतं ०.४८.५०. मसुद्यात तिघांना समान वाटा होता, पण तिघांच्या क्षेत्रांची बेरीज केली तर ती मूळ जमिनीपेक्षा साठ चौरस मीटरने जास्त भरत होती. कोणी लबाडी केली नव्हती. जुन्या पद्धतीचे आणे-पै दशांशासारखे वाचून कॅल्क्युलेटरमध्ये टाकले होते, एवढंच. ठाण्यात साठ चौरस मीटर म्हणजे एका लहान फ्लॅटची जागा, त्यामुळे हा फरक कोणीच सोडून देत नाही.

खालचा क्रम त्याच उदाहरणावर दाखवला आहे. सर्व्हे नंबर बदलून ४५, हिस्सा २ असा धरला आहे.

## १. आधी कागद, मग कॅल्क्युलेटर

बहुतेक जण सातबारा मोबाईलवर उघडतात आणि लगेच गुणाकार सुरू करतात. सातबारा हा हक्काचा आणि पिकाचा कागद आहे. मोजणीचा मूळ कागद भूमि अभिलेख खात्याकडे असतो. म्हणून हिशोबाला बसण्याआधी हे कागद हाताशी घ्या:

- चालू सातबारा (bhulekh.mahabhumi.gov.in वर पाहता येतो, व्यवहारासाठी डिजिटल सहीचा घ्या)
- त्यावर ज्यांचे क्रमांक लिहिलेत ते फेरफार, निदान क्षेत्र बदलणारे
- आकारबंदाचा उतारा
- सर्व्हे नंबरचं टिपण, म्हणजे मूळ मोजणीचा मापांसहचा कच्चा नकाशा, आणि हिस्सा पडलेला असेल तर हिश्श्यांच्या रेषा दाखवणारा फाळणी नकाशा
- जुनं खरेदीखत किंवा वाटणीपत्र, असेल तर

आकारबंद, टिपण आणि फाळणी तालुक्याच्या उपअधीक्षक भूमि अभिलेख कार्यालयातून नकलेचा अर्ज करून मिळतात. आकारबंदात प्रत्येक सर्व्हे नंबर-हिश्श्याचं मंजूर क्षेत्र आणि आकार, म्हणजे शेतसारा, लिहिलेला असतो. सातबाऱ्याचा आकडा याच्याशी जुळायला हवा.

थांबा: जागा नगर भूमापन झालेल्या भागात असेल, जसं ठाण्यात नौपाड्यात, तर तुमचा मुख्य कागद सातबारा नसून मालमत्ता पत्रक आहे. तिथे सिटीएस नंबर, म्हणजे नगर भूमापन क्रमांक, चालतो आणि क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं. गावठाणातल्या घराला तर सातबारा नसतोच. दोन्ही कागद असतील तर दोन्हींवरचं क्षेत्र शेजारी लिहून ठेवा.

## २. नंबर नीट वाचा

४५/२ म्हणजे सर्व्हे नंबर ४५ चा दुसरा हिस्सा. ४५/२/१ म्हणजे त्या दुसऱ्या हिश्श्याचा पहिला पोटहिस्सा. काही गावांत अंकाऐवजी अक्षर लागतं, ४५/२अ असं. जिथे विखुरलेले तुकडे एकत्र करणारी एकत्रीकरण योजना लागू झाली तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. ठाणे परिसरातल्या बऱ्याच कागदांवर ‘जुना सर्व्हे नं.’ आणि ‘नवा सर्व्हे नं.’ अशा दोन नोंदीही दिसतील. जुन्या खतात ११२ असेल आणि आज ४५ असेल, तर दोन्हींना जोडणारा कागद, म्हणजे फेरफार किंवा जुन्या-नव्या नंबरांची यादी, मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका. आजही ११२ नंबर असतोच, फक्त तो दुसऱ्याच्या जमिनीचा असतो.

सर्वांत जास्त फसवणारा शब्द म्हणजे ‘पैकी’. ‘४५/२ पैकी ०.१०.००’ याचा अर्थ या हिश्श्यातले दहा आर त्या माणसाच्या नावावर आहेत. ते रस्त्याच्या बाजूचे की नाल्याच्या बाजूचे, हे कागदाला माहीत नाही. मोजणी होऊन पोटहिस्सा पडला नसेल तर कुंपण कुठेही असो, नकाशावर ती रेषा नाही. घेणाऱ्याला मात्र नेहमी रस्त्याच्या बाजूचंच दाखवतात.

नवी मुंबईत आणखी एक घोळ होतो. सिडकोच्या भूखंडाला सेक्टर आणि भूखंड क्रमांक असतो आणि भाडेपट्ट्याच्या करारात क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं. त्या भूखंडाखाली पूर्वी कोणता सर्व्हे नंबर होता, याचा आजच्या क्षेत्राशी संबंध नाही. जमीन गेलेल्यांना विकसित भूखंड देणाऱ्या साडेबारा टक्के योजनेतही संपादित क्षेत्राचे साडेबारा टक्के काढून थांबतात आणि फसतात. त्यातून सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा होऊन पावणेनऊ टक्के उरतात. ४,८५० चौरस मीटर जमीन गेली असेल तर हिशोब ६०६ वर न थांबता सुमारे ४२४ चौरस मीटरवर येतो.

## ३. सातबाऱ्याचा आकडा चौरस मीटरमध्ये आणा

०.४८.५० हा दशांश अपूर्णांक नाही. त्यात तीन घरं आहेत: हेक्टर, आर, चौरस मीटर. १ हेक्टर म्हणजे १०० आर, आणि १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. म्हणून ०.४८.५० म्हणजे ४८ आर ५० चौरस मीटर, म्हणजेच ४,८५० चौरस मीटर.

दुसरा बिंदू गाळून कोणी ‘०.४८५’ लिहिलं तरी इथे योगायोगाने उत्तर बरोबर येतं. पण तिसऱ्या घरात ५ असेल, म्हणजे ०.४८.०५, आणि कोणी ते ०.४८.५ असं उतरवलं, की पंचेचाळीस चौरस मीटर हवेत गेले किंवा हवेतून आले. शेवटचं घर नेहमी दोन अंकी लिहा.

बिनशेती जमिनीच्या सातबाऱ्यावर एकक ‘आर. चौ.मी.’ असं असतं, हेक्टरचं घर नसतं. तिथे १२.५० म्हणजे १२ आर ५० चौरस मीटर. शेतीच्या सातबाऱ्याची सवय असलेला माणूस त्याला साडेबारा हेक्टर समजतो. आकड्याआधी वर छापलेलं एकक वाचा.

संगणकावर करत असाल तर तीन घरं तीन स्तंभांत भरा:

```
=A2*10000+B2*100+C2
```

एकाच चौकोनात ‘१-८’ टाईप केलंत तर एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. हसू नका, अशी तारीख छापलेला वाटणीचा तक्ता मी पाहिला आहे.

पडताळा: सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्र, पोटखराब म्हणजे लागवडीला न येणारं क्षेत्र आणि एकूण क्षेत्र वेगळं असतं. आपल्या उदाहरणात ०.४५.०० लागवडीयोग्य, ०.०३.५० पोटखराब, एकूण ०.४८.५०. एकूणमध्ये पोटखराब आधीच धरलेलं आहे. काही जण ते पुन्हा मिळवतात, काही जण ‘खराब जमीन आपली नाही’ म्हणून वजा करतात. दोन्ही चूक. मात्र पोटखराब ‘ब’ वर्गात, म्हणजे नाला किंवा रस्त्यासारख्या सार्वजनिक वापराखालचं असेल, तर ते क्षेत्रात मोजलं जातं, पण त्यावर कुंपण घालता येणार नाही. किंमत ठरवताना हे लक्षात ठेवा.

## ४. जुन्या कागदातले एकर, गुंठे आणि आणे

आता खरी गुंतागुंत. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि सोळा आण्यांची होती. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. म्हणून गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे १०१.१७ चौरस मीटरचा. चाळीस गुंठ्यांचा एकर. गुंठ्याचे सोळा आणे, म्हणजे एक आणा साधारण ६८ चौरस फूट.

या भावांच्या आजोबांच्या खरेदीखतात क्षेत्र होतं ‘१-८-०’. म्हणजे एक एकर आठ गुंठे शून्य आणे, एकूण ४८ गुंठे. थोरल्याच्या मुलाने ते १.८ एकर वाचलं. १.८ एकर म्हणजे बहात्तर गुंठे! चोवीस गुंठे ‘कोणीतरी खाल्ले’ म्हणून घरात दोन महिने भांडण चाललं. एकराच्या पुढचं घर चाळिसाचं आहे, दहाचं नाही. दशांशात लिहायचंच असेल तर ४८ ला ४० ने भागा: १.२ एकर.

मग ४८ गुंठे गुणिले १०१.१७ म्हणजे ४,८५६ चौरस मीटर. सातबारा सांगतो ४,८५०. हा सहा चौरस मीटरचा फरक एककं बदलताना आकडा पूर्ण करण्यातून पडतो आणि त्यासाठी वकिलाकडे जाण्यात अर्थ नाही. फरक दहापट असेल तर कारण वेगळं असतं. बहुधा मधल्या काळात रस्त्याला काही जागा गेलेली असते, आणि त्याचं कमी-जास्त पत्रक, म्हणजे क्षेत्रातला बदल नोंदवणारा भूमि अभिलेखाचा कागद, व फेरफार शोधावा लागतो.

आता दुसरी आणि रोजची चूक: आर म्हणजेच गुंठा समजणं. बोलताना आपण सगळेच तसं म्हणतो, आणि शेतावर उभं राहून बोलायला ते ठीक आहे. पण ४८.५० आरला ४८.५० गुंठे म्हणून १,०८९ ने गुणलं की ५२,८१६ चौरस फूट येतात. खरं क्षेत्र ४,८५० चौरस मीटर, म्हणजे ५२,२०५ चौरस फूट. सहाशे अकरा फूट फुकट वाढले. विकणारा खूश, आणि घेणारा मोजणीच्या दिवशी नाखूश. उलट बाजूने दलाल ‘गुंठा म्हणजे हजार फूट’ म्हणतो तेव्हा प्रत्येक गुंठ्यामागे ८९ फूट गिळले जातात.

थांबा: नगर भूमापनाच्या जुन्या कागदांत चौरस वार भेटतात. एक चौरस वार ९ चौरस फुटांचा, म्हणजे ०.८३६ चौरस मीटरचा. वार आणि मीटर जवळजवळ सारखे वाटतात, म्हणून ५०० वारांचे ५०० मीटर लिहून जातात. ते खरे ४१८ मीटर असतात.

## ५. हिश्श्यांची बेरीज सर्व्हे नंबरशी जुळवा

वाटे पाडण्याआधी एकदा मागे वळा. सर्व्हे नंबर ४५ चे जेवढे हिस्से आहेत त्या सगळ्यांचे सातबारे काढा, प्रत्येकाचं एकूण क्षेत्र चौरस मीटरमध्ये करा आणि बेरीज करा. ती आकारबंदातल्या बेरजेशी जुळली पाहिजे.

जुळत नसेल तर चूक कोणत्या हिश्श्यात आहे ते फेरफारांत शोधा. नेहमीचं सापडणारं कारण असं: एका हिश्श्यातून काही जागा विकली, घेणाऱ्याचा सातबारा तयार झाला, पण मूळ हिश्श्यातून क्षेत्र कमी झालंच नाही. तीच जमीन दोन कागदांवर उभी राहते. सहहिस्सेदारांच्या नावापुढे वेगवेगळं क्षेत्र लिहिलेलं असेल तर त्यांचीही बेरीज एकूण क्षेत्राशी ताडून पाहा.

हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच कोणी करत नाही. चूक इथे सापडली तर अर्जाने सुटते. मोजणीनंतर सापडली तर शेजारी विरोधक होतो.

## ६. वाटा काढा: आणे-पै दोन प्रकारचे असतात

जुन्या सातबाऱ्यांवर आणि फेरफारांत वाटा रुपयाच्या आणेवारीत लिहीत. पूर्ण जमीन म्हणजे सोळा आणे, एक आणा म्हणजे बारा पै. समान तिसरा वाटा म्हणजे ५ आणे ४ पै. हे आणे वाट्याचे आहेत, गुंठ्याचे नाहीत. शब्द एकच असला तरी ६८ चौरस फुटांचा इथे काही संबंध नाही. (आणि ‘पै.’ हे ‘पैकी’चंही लघुरूप आहे. लिहिणाऱ्याला कळत होतं, वाचणाऱ्याने संदर्भ पाहायचा.)

मसुद्यातले साठ मीटर इथेच जन्मले होते. टायपिंग करणाऱ्याने ५ आणे ४ पै म्हणजे ५.४ आणे धरले. चार पै म्हणजे आण्याचा तिसरा भाग, ०.३३, ०.४ नव्हे. ५.४ भागिले १६ गुणिले ४,८५० म्हणजे १,६३७ चौरस मीटर. तिघांचे मिळून ४,९११. सगळ्यांना वाटलं आपल्याला थोडं जास्तच मिळतंय, म्हणून कोणी बेरीज केली नाही.

बरोबर रीत: आणे-पैच्या आधी पै करा. ५ गुणिले १२ अधिक ४ म्हणजे ६४ पै. सोळा आण्यांच्या १९२ पै. ६४ भागिले १९२ म्हणजे एक तृतीयांश. ४,८५० चा तिसरा भाग १,६१६.६७. पूर्ण चौरस मीटरमध्ये दोघांना १,६१७ आणि एकाला १,६१६ घातले की बेरीज ४,८५० भरते. तिघांनाही १,६१७ लिहिलं तर एक मीटर जास्त होतो आणि फेरफार तिथेच अडतो. तो एक मीटर कोणी सोडायचा यावर बरीच चर्चा झाली. शेवटी ज्याच्या वाट्याला विहीर येणार होती त्याने सोडला.

पोटखराब मात्र तीनने भागू नका. साडेतीन आरचा नाला जमिनीवर एका ठिकाणी आहे. रेषा आखल्यावर तो ज्याच्या वाट्यात जितका पडेल तितकाच त्याच्या उताऱ्यावर पोटखराब येईल. नाल्याकडचा वाटा घेणाऱ्याला भरपाई म्हणून लागवडीचं क्षेत्र थोडं वाढवून द्यायचं असेल, तर ते वाटणीपत्रातच आकड्यांत लिहा.

## ७. जमिनीवरचं माप

मोजणीच्या आधी स्वतः टेप धरायला हरकत नाही, पण त्यातल्या दोन चुका माहीत हव्यात.

पहिली चूक सरासरीची. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून लांबी गुणिले रुंदी केलं की कोपरे काटकोनात नसलेल्या जागेचं क्षेत्र नेहमी वाढून येतं. समजा बाजू ४०, ३०, ४०, ३० मीटर आहेत. गुणाकार सांगतो १,२०० चौरस मीटर. पण कर्ण मोजला आणि तो ५० ऐवजी ४५ मीटर निघाला, तर जागा तिरकी आहे. कर्णाने दोन त्रिकोण करून प्रत्येकाचं क्षेत्र तीन बाजूंवरून काढा: ५८८ अधिक ५८८, म्हणजे साधारण १,१७६. चोवीस मीटर कमी. म्हणून एक तरी कर्ण मोजल्याशिवाय कोणताही आकडा बोलू नका.

दुसरी चूक उताराची. येऊरच्या पायथ्याची जमीन चढाची आहे. टेप उतारावर लोळवून मोजलेली लांबी नकाशापेक्षा जास्त भरते, कारण नकाशा सपाट प्रक्षेपणावर असतो. पंधरा अंशांच्या चढावर शंभर मीटर टेप म्हणजे नकाशावर साडेशहाण्णव मीटरच.

अधिकृत काम मात्र पोटहिस्सा मोजणीचंच. हद्द कायम मोजणी वेगळी: त्यात आहे तीच हद्द दाखवून मिळते, नवा हिस्सा पडत नाही. चुकीच्या प्रकाराचा अर्ज करून लोक महिने घालवतात. क्रम असा:

1. तुकडेबंदीची बाब तहसील कार्यालयात आधी विचारा. आपली जागा महापालिका हद्दीत रहिवासी विभागात होती, म्हणून ती आडवी आली नाही. पण शेतीच्या जमिनीत प्रमाणभूत क्षेत्राखालचा तुकडा पाडता येत नाही.
2. सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्यांनी वाटपाचा आधार तयार करा: नोंदणीकृत वाटणीपत्र, किंवा जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांचा आदेश.
3. पोटहिस्सा मोजणीचा अर्ज आणि फी. सोबत वाटणीचा कच्चा नकाशा द्या.
4. मोजणीच्या दिवशी लगतच्या खातेदारांना नोटीस गेली आहे ना ते पाहा, आणि प्रत्येक वाट्याच्या कोपऱ्यांवर आधीच खुणा रोवून ठेवा. भूकरमापक तुम्ही दाखवाल ती वहिवाट मोजतो. तिघे तीन ठिकाणी बोट दाखवतात तेव्हा काम थांबतं.
5. मोजणी नकाशाची ‘क’ प्रत हातात आली की त्यावरचं क्षेत्र वाटणीपत्राशी ताडा.
6. आकारफोड पत्रक, म्हणजे क्षेत्र आणि आकार नव्या पोटहिश्श्यांत फोडून दाखवणारा तक्ता, तयार होऊन तलाठ्याकडे जातं, फेरफार पडतो, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात.

थांबा: ‘क’ प्रतीवरच्या आकड्यात फरक असेल तर तो इथेच लेखी मांडा. आकारफोड झाल्यावर प्रत्येक दुरुस्तीला पुन्हा सगळ्यांच्या सह्या लागतात.

## ८. चौरस फूट सर्वांत शेवटी

किंमत चौरस फुटावर ठरते, म्हणून सगळ्यांना फुटांची घाई असते. पण फूट हे शेवटचं पाऊल आहे. चौरस मीटरचा अंतिम आकडा गुणिले १०.७६४, एकदाच. मीटरवरून गुंठे, गुंठ्यांवरून फूट, फुटांवरून पुन्हा मीटर अशी फेरी मारली की दर वळणावर आकडा थोडा झिजतो किंवा फुगतो. १,६१७ चौरस मीटर म्हणजे १७,४०५ चौरस फूट. तेच ‘सोळा गुंठे’ म्हणून गोल केलं तर १७,४२४ येतात.

करारात मुख्य क्षेत्र चौरस मीटरमध्ये आणि अक्षरी लिहा. फूट कंसात द्या आणि ‘मोजणी नकाशाप्रमाणे’ हे शब्द घाला. दोन एककांत दोन वेगळी क्षेत्रं छापली गेली, तर भांडणात प्रत्येक बाजू आपल्या सोयीचं उचलते.

नवे सातबारे आले की तीन गोष्टी पाहा. जुन्या ४५/२ च्या जागी ४५/२/१, ४५/२/२ आणि ४५/२/३ आलेत का. तिन्हींच्या एकूण क्षेत्राची बेरीज ०.४८.५० भरते का. आणि तिन्हींच्या पोटखराबाची बेरीज ०.०३.५० आहे का. आपल्या प्रकरणात पोटखराब एका उताऱ्यावर ०.०३.५० ऐवजी ०.३५.०० पडलं होतं. १,६१७ मीटरच्या जमिनीत साडेतीन हजार मीटर पोटखराब! मोजणी बरोबर होती, आकडा फक्त एका अंकाने सरकला होता. अशा लेखनप्रमादासाठी कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करायचा, सोबत ‘क’ प्रत आणि आकारफोड पत्रक जोडायचं. नकाशातलंच माप चुकलं असेल तर मात्र तो अर्ज तहसीलदारांकडे चालत नाही, भूमि अभिलेख कार्यालयात द्यावा लागतो.